पॅनच्या खाली काही जात नाही

बांधकामाच्या साइटवरून ऑफिसात आता रजिस्टरऐवजी रजिस्टरच्या पानाचा फोटो येतो. बहुधा संध्याकाळी, व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि खाली एक ओळ: 'सर, क्रश सँडचं पासिंग काढून द्या, सकाळी स्लॅब आहे.' पान किंचित तिरकं, एका कोपऱ्यावर ट्यूबलाइटची तिरीप, आणि मध्ये सात-आठ आकडे. या आकड्यांवरून प्रत्येक चाळणीतून किती टक्के माल खाली गेला ते काढायचं असतं. गणित सातवी-आठवीच्या पलीकडचं नाही. तरीही याच कामात चुका होतात, आणि त्यातल्या बहुतेक चुका गणिताच्या नसून वाचनाच्या असतात.

आधी चाचणी काय असते ते पाहू. वाळूचा नमुना ओव्हनमध्ये १०० ते ११० अंश सेल्सिअसला वाळवतात, थंड झाला की वजन करतात. मग चाळण्यांची उतरंड लावतात: सगळ्यांत वर मोठ्या भोकांची, खाली खाली बारीक होत जाणारी. काँक्रीटच्या वाळूसाठी आपल्याकडे १० मिमी, ४.७५ मिमी, २.३६ मिमी, १.१८ मिमी, ६०० मायक्रॉन, ३०० मायक्रॉन आणि १५० मायक्रॉन अशा चाळण्या वापरतात. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, त्यामुळे ६०० मायक्रॉनचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून थोडं मोठं. १० मिमी सोडली तर प्रत्येक चाळणी वरच्या चाळणीच्या साधारण निम्म्या भोकाची आहे हेही लक्षात येईल. तळाशी भोकं नसलेला पॅन. नमुना वरून ओतायचा, झाकण लावायचं, दहा-पंधरा मिनिटं शेकरवर हलवायचं आणि प्रत्येक चाळणीवर अडकलेला माल वेगवेगळा तोलायचा. फोटोत जे आकडे असतात ते हेच, अडकलेल्या मालाचे.

मानकाला मात्र अडकलेला माल नको असतो, गेलेला हवा असतो. आयएस ३८३ या भारतीय मानकात वाळूचे चार झोन दिले आहेत आणि प्रत्येक झोनसाठी 'या चाळणीतून इतके ते इतके टक्के गेले पाहिजेत' अशी मर्यादा आहे. साइटवर 'झोन टूची वाळू' म्हणतात ती या तक्त्यावरून. म्हणून अडकलेल्या ग्रॅमवरून गेलेल्या टक्क्यांकडे जावं लागतं.

एक पान घेऊ. सुकं वजन ५०० ग्रॅम. १० मिमीवर काही नाही. ४.७५ वर १८.५ ग्रॅम, २.३६ वर ७२.०, १.१८ वर ११७.५, ६०० मायक्रॉनवर ९६.०, ३०० वर ९८.५, १५० वर ५६.० आणि पॅनमध्ये ४०.५. क्रश सँडचा असा तक्ता कुठल्याही साइटवर दिसेल.

आता ६०० मायक्रॉनचं पासिंग काढायचं आहे. त्या चाळणीतून काय गेलं नाही? तिच्यावर अडकलेले ९६ ग्रॅम तर नाहीच, पण तिच्या वरच्या चाळण्यांवर अडकलेला मालही तिच्यापर्यंत पोचलेला नाही. म्हणून वरपासून तिथपर्यंतची सगळी वजनं मिळवायची: १८.५, ७२.०, ११७.५ आणि ९६.०, एकूण ३०४.० ग्रॅम. ५०० तले ३०४ म्हणजे ६०.८ टक्के. शंभरातून वजा केले की उरले ३९.२ टक्के. हे ६०० मायक्रॉनचं पासिंग. नवशिका हमखास जी चूक करतो ती इथेच: तो फक्त त्या चाळणीवरचे ९६ ग्रॅम घेतो, त्याचे १९.२ टक्के काढतो आणि पासिंग ८०.८ लिहून मोकळा होतो. तसं केलं की खालच्या ओळीतलं पासिंग वरच्या ओळीपेक्षा मोठं निघू शकतं. मोठ्या भोकातून जितकं गेलं त्याहून जास्त बारीक भोकातून जाईलच कसं? चाळणीगणिक पासिंग कमी तरी व्हायला हवं किंवा तेवढंच राहायला हवं. एकदाही वाढलेलं दिसलं तर पुढे न जाता मागे फिरायचं.

सगळा तक्ता असा होतो:

| चाळणी | राहिलेलं (ग्रॅम) | एकूण राहिलेलं (ग्रॅम) | एकूण राहिलेलं (%) | पासिंग (%) | झोन २ ची मर्यादा |
|---|---|---|---|---|---|
| १० मिमी | ० | ० | ० | १०० | १०० |
| ४.७५ मिमी | १८.५ | १८.५ | ३.७ | ९६.३ | ९०–१०० |
| २.३६ मिमी | ७२.० | ९०.५ | १८.१ | ८१.९ | ७५–१०० |
| १.१८ मिमी | ११७.५ | २०८.० | ४१.६ | ५८.४ | ५५–९० |
| ६०० मायक्रॉन | ९६.० | ३०४.० | ६०.८ | ३९.२ | ३५–५९ |
| ३०० मायक्रॉन | ९८.५ | ४०२.५ | ८०.५ | १९.५ | ८–३० |
| १५० मायक्रॉन | ५६.० | ४५८.५ | ९१.७ | ८.३ | ०–१० |
| पॅन | ४०.५ | ४९९.० | ९९.८ | ०.२ | |

वाळू झोन २ मध्ये बसली. १५० मायक्रॉनला क्रश सँडसाठी मानक २० टक्क्यांपर्यंत सूट देतं, तिची इथे गरज पडली नाही. शेवटच्या ओळीतल्या ०.२ कडे मात्र थांबून पाहिलं पाहिजे. पॅनला भोकं नसतात. त्याच्या खाली काहीच जात नाही, तरी तक्ता म्हणतो ०.२ टक्के गेलं. हा हरवलेला माल आहे: ५०० ग्रॅम घातले, परत मिळाले ४९९. एक ग्रॅम भुकटी उडाली, ब्रशला लागली, जाळीत अडकून राहिली. इतकं चालतं. अमेरिकेतल्या एएसटीएम सी १३६ या मानकाने याला आकडा दिला आहे: चाळण्याआधीच्या आणि नंतरच्या वजनात ०.३ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर त्या निकालावर माल स्वीकारायचा किंवा नाकारायचा नाही. ५०० ग्रॅमवर ही मुभा फक्त दीड ग्रॅमची आहे.

फोटोवरून काम करणाऱ्याला पॅनची ही ओळ सगळ्यांत जास्त उपयोगी पडते, आणि नेमकी तीच लोक लिहायची सोडतात. तिची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. पासिंग खालूनही काढता येतं. १५० मायक्रॉनमधून गेलेला माल म्हणजे पॅनमधला माल, ४०.५ ग्रॅम, म्हणजे ८.१ टक्के. वरून काढलं तेव्हा ८.३ आलं होतं. ३०० चं खालून काढा: ४०.५ आणि ५६.० मिळून ९६.५ ग्रॅम, १९.३ टक्के. वरून आलं होतं १९.५. दर वेळी फरक ०.२ चाच, म्हणजे हरवलेल्या एका ग्रॅमचा. वरून आणि खालून आलेली उत्तरं याहून जास्त फटकून असतील तर कुठला तरी आकडा चुकीचा वाचला गेलाय किंवा चुकीचा लिहिला गेलाय.

आता तिरीप पडलेला फोटो. समजा १.१८ च्या ओळीतला ११७.५ हा आकडा चकाकीत आला आणि तो १११.५ वाचला गेला. पासिंग वरून काढत गेलो तर ४.७५ आणि २.३६ जशेच्या तशे येतात. १.१८ पासून खाली मात्र सगळंच १.२ टक्क्यांनी वर सरकतं: ५९.६, ४०.४, २०.७, ९.५. या आकड्यांकडे पाहून कुणालाही संशय येणार नाही. पासिंग क्रमाने उतरतंय, वाळू अजून झोन २ मध्येच आहे, अहवाल सुबक दिसतो. पण पॅनच्या ओळीत १.४ टक्के येतात. बेरीज ४९३.० भरते, सात ग्रॅम कमी.

या सात ग्रॅमकडे थोडं निरखून पाहिलं तर चूक कुठे असेल तेही कळतं. चाळताना एखादा ग्रॅम जाणारच, मग उरले सहा. सात आणि एक या अंकांमधला फरकही सहा. म्हणजे कुठल्या तरी आकड्यात एककाच्या जागी सात असताना एक वाचला गेला असावा. असा एककाच्या जागी १ असलेला आकडा यादीत एकच आहे, १११.५. पेढीवरचे जुने हिशेबनीस खतावणी जुळत नसली की असंच करायचे: फरकाला नऊने भाग गेला तर शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असणार. ५६ चे ६५ झाले तर फरक ९, ९८.५ चे ८९.५ झाले तरी ९. तीन आणि आठमधला फरक ५, शून्य आणि सहामधला ६. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. काही मुलं वजन मराठी अंकांत लिहितात, काही इंग्रजीत, आणि एकाच पानावर दोघांचं अक्षर असतं. घाईत लिहिलेला मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांत फरक करणं कठीण, मराठी चार आणि इंग्रजी आठ यांतही. ते पान कोणी लिहिलं हे माहीत असेल तर अर्धं काम होतं.

अंदाज बरोबर वाटला तरी आकडा स्वतःच दुरुस्त करू नये. फोन करावा आणि उत्तर आधी सुचवू नये. 'ते एकशेसतरा पॉइंट पाच आहे ना?' असं विचारलं तर समोरून 'हो सर' हेच येणार. 'दादा, १.१८ वर किती राहिलंय ते रजिस्टरात बघून वाचा,' असं म्हणावं. मूळ पानावरच चूक असेल तर ती तिथेच दुरुस्त व्हायला हवी: जुना आकडा वाचता येईल असा एकाच रेघेने खोडायचा, नवा शेजारी लिहायचा आणि सही करायची. खाडाखोड किंवा व्हाइटनर लागलेलं पान पुढे कुणी ग्राह्य धरत नाही.

बेरीज जुळली म्हणजे सगळं जुळलं, असं मात्र नाही. दुसरी चूक पाहा, बेरीज जिला कधीच पकडत नाही. आपल्या तक्त्यात १० मिमीवर काही राहिलं नव्हतं, आणि मुलाने तिथे शून्य न लिहिता जागा कोरी सोडली. फोटो बाजूने काढल्यामुळे डावीकडचा चाळण्यांचा रकाना आणि उजवीकडचा वजनांचा रकाना एका ओळीत दिसत नाहीत. वाचणाऱ्याने पहिला आकडा पहिल्या चाळणीसमोर मांडला: १८.५ गेले १० मिमीला, ७२.० गेले ४.७५ ला, आणि असंच खाली. बेरीज तीच, ४९९.०. हरवलेला माल तोच, एक ग्रॅम. निकाल मात्र पार बदलला. ४.७५ मधून ८१.९ टक्के, २.३६ मधून ५८.४, १.१८ मधून ३९.२, ६०० मधून १९.५. सगळे आकडे ओळखीचे आहेत, फक्त प्रत्येक जण एक पायरी वर चढून बसलाय. ६०० मायक्रॉनचं १९.५ पाहिलं तर वाळू जाड्या झोन १ कडे झुकते, पण त्या झोनलाही ४.७५ मधून किमान ९० आणि २.३६ मधून किमान ६० टक्के लागतात. म्हणजे ही वाळू कुठल्याच झोनमध्ये बसत नाही, आणि साइटवर चांगला माल नाकारला जातो.

बेरजेने पकडता न येणारी ही चूक पकडायची तर मालाची ओळख लागते. ओळी सरकल्या की पॅनचे ४०.५ ग्रॅम १५० मायक्रॉनसमोर येतात आणि पॅन रिकामा राहतो. दगड फोडून केलेल्या वाळूत बारीक भुकटी असतेच, रिकामा पॅन तिच्यात संभवत नाही. वरच्या टोकालाही खूण आहे: वाळूच्या नमुन्यात १० मिमीवर साडेअठरा ग्रॅम कसे आले? एखादा खडा आला असता तर गोष्ट वेगळी. तिसरी खूण फाइननेस मॉड्युलसची. ४.७५ मिमीपासून १५० मायक्रॉनपर्यंतच्या सहा चाळण्यांवरचे 'एकूण राहिलेले' टक्के मिळवून शंभराने भागलं की हा आकडा मिळतो. शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ एब्रम्स यांनी तो १९१८ साली मांडला. आपल्या मूळ तक्त्यात ती बेरीज २९६.४ आहे, म्हणून फाइननेस मॉड्युलस २.९६. ओळी सरकल्यावर तो ३.९ च्या पुढे जातो. ढोबळ हिशेब असा की एक चाळणी सरकली की हा आकडा जवळपास एकने सरकतो. त्याच खाणीचा माल गेल्या आठवड्यात २.९ असेल आणि आज एकदम ३.९ झाला असेल, तर खाणीवाल्याला फोन करण्याआधी फोटो पुन्हा उघडावा.

आतापर्यंत आपण धरून चाललो की फोटोतला रकाना 'त्या-त्या चाळणीवर राहिलेलं वजन' आहे. पण फोटोत वरचं शीर्षक कापलं गेलं असेल तर? काही रजिस्टरांत राहिलेल्या वजनाशेजारीच एकूण राहिलेल्या वजनाचा रकाना असतो आणि फोटोत नेमका तो आलेला असतो. हा ओळखायला सोपा: आकडे वरून खाली चढतच जातात, कधी उतरत नाहीत, आणि शेवटचा आकडा सुक्या वजनाच्या जवळ येऊन थांबतो. त्यांची पुन्हा बेरीज करायची नसते, सरळ टक्के काढायचे. काही मुलं चाळणीसकट तोलतात आणि तेच लिहून ठेवतात. तेव्हा प्रत्येक आकडा काही शे ग्रॅमचा असतो, १० मिमीसारख्या रिकाम्या चाळणीसमोरही, आणि बेरीज नमुन्याच्या कितीतरी पट होते. त्या पानाचं रिकाम्या चाळण्यांच्या वजनांशिवाय काहीच करता येत नाही. ती वजनं बहुधा शेकरच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवलेली असतात, त्यांचाही फोटो मागवावा.

मोठी गडबड होते ती धुतलेल्या नमुन्यात. क्रश सँडच्या कणांना भुकटी चिकटून बसते, नुसत्या चाळण्याने ती सुटत नाही. म्हणून नीट चाचणी करणारे आधी नमुना ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुतात, राहिलेला माल पुन्हा वाळवतात आणि मग चाळतात. समजा मूळ सुकं वजन ५०० ग्रॅम होतं आणि धुऊन वाळवल्यावर ४६९ राहिलं. ३१ ग्रॅम पाण्याबरोबर गेले. हे ३१ ग्रॅम हरवलेले नाहीत. ते सगळ्या चाळण्यांतून गेलेले आहेत, फक्त पॅनमध्ये न थांबता नाल्यात गेले. आता १५० मायक्रॉनपर्यंत एकूण ४५६ ग्रॅम राहिले असतील तर भागायचं ५०० ने: ९१.२ टक्के राहिले, ८.८ गेले. फोटोत मात्र बेरीज चारशेअडुसष्टच्या आसपास दिसते. ती पाहून कुणी ४६९ ने भागलं तर पासिंग येतं फक्त २.८ टक्के. एका भागाकारात सहा टक्के भुकटी कागदावरून नाहीशी होते. भुकटी जास्त असली की पाणी जास्त लागतं, म्हणजे मिक्स डिझाइन ज्या आकड्यावर उभं असतं तोच खोटा ठरतो. दुसऱ्या बाजूने, हे ३१ ग्रॅम चाळताना हरवले असं समजून कुणी चाचणीच रद्द करील. दोन्ही गोष्टी एका ओळीने टळतात: 'धुण्याआधी ५००, धुतल्यावर ४६९.'

यातूनच एक नेहमीचा वाद मिटतो: भागायचं कशाने, मूळ सुक्या वजनाने की चाळल्यानंतरच्या बेरजेने? मूळ सुक्या वजनाने. काही ठिकाणी हरवलेला माल पॅनमध्ये टाकून बेरीज ५०० करून दाखवायची पद्धत आहे. तिने तक्ता छान दिसतो, पण तपासणाऱ्याच्या हातातली एकमेव फूटपट्टी काढून घेतली जाते. कुणाच्या तक्त्यात दर वेळी बेरीज दशांशापर्यंत बरोब्बर ५००.० येत असेल, तर मी तरी तो तक्ता जास्त संशयाने वाचतो.

रोज दहा-वीस तक्ते येत असतील तर हे शीटमध्ये टाकावं. बी रकान्यात दुसऱ्या ओळीपासून १० मिमी ते पॅन अशी आठ वजनं आणि दहाव्या ओळीत मूळ सुकं वजन असेल, तर पासिंगसाठी सी रकान्यात एवढंच लिहून खाली ओढायचं:

```
=ROUND(100*(1-SUM(B$2:B2)/B$10),1)
```

आधी ग्रॅम मिळवून शेवटी टक्के केल्यामुळे दशांशाची काटछाट एकदाच होते. प्रत्येक ओळीचे टक्के आधी पूर्णांकात आणून मग मिळवत गेलं तर तळाशी एखाद्या टक्क्याचा फरक पडतो, आणि मग तो हरवलेला माल की काटछाट हे सांगता येत नाही. पॅनसमोरचं उत्तर शून्य ते ०.३ च्या बाहेर गेलं की तो खाना लाल व्हावा अशी सोय करून ठेवावी. वजा आकडा आला तर घातल्यापेक्षा जास्त माल निघाला, म्हणजे नक्कीच वाचनाची किंवा लिहिण्याची चूक.

मातीच्या नमुन्याचं पान आलं तर पद्धत तीच, फक्त तक्ते दोन असतात आणि ते जोडावे लागतात. मुरुमासारख्या मातीत मोठे खडेही असतात आणि चिकणमातीही. म्हणून आयएस २७२० च्या चौथ्या भागाप्रमाणे आधी सगळा नमुना ४.७५ मिमीवर चाळतात. खाली गेलेल्या मातीतून साधारण २०० ग्रॅम वेगळी घेऊन, भिजवून, धुऊन, २ मिमी, ४२५ मायक्रॉन आणि ७५ मायक्रॉनवर चाळतात. समजा पहिल्या तक्त्यात ४.७५ चं पासिंग ७० टक्के आलं. दुसऱ्या तक्त्यात २०० पैकी ८० ग्रॅम ४२५ पर्यंत राहिले, म्हणजे ६० टक्के गेले. पण हे ६० टक्के त्या २०० ग्रॅमचे आहेत, जे मुळात ७० टक्क्यांचे प्रतिनिधी होते. सगळ्या मातीचं पासिंग म्हणून ७० चे ६० टक्के, अर्थात ४२. दोन फोटो वेगवेगळ्या वेळी आले आणि दुसराच आधी उघडला की ६० तसंच अहवालात जातं. खूण अशी: दुसऱ्या तक्त्याची सुरुवात १०० पासून होत असेल आणि पहिला तक्ता ७० वर संपत असेल, तर गुणाकार राहिलाय. ७५ मायक्रॉनच्या खाली चाळणीचं काम संपतं. काळ्या मातीचा निम्म्याहून जास्त भाग तिथून खाली जातो, आणि तिथे हायड्रोमीटर लागतो.

चाळणीच फाटलेली असेल तर कागदावरून काहीच निश्चित कळत नाही. १५० ची जाळी कडेने सुटली की तिच्यावर माल कमी राहतो आणि पॅन भरतो. बेरीज बरोबर, ओळी बरोबर, निकाल चुकीचा. चाळणी उजेडाकडे धरून पाहणं हा एकच उपाय. जाळीवर जास्त माल साचला तरी उलटा परिणाम होतो: वरचा थर खालच्याला भोकापर्यंत पोचूच देत नाही आणि बारीक माल वर अडकल्यासारखा दिसतो. बारीक चाळण्यांसाठी २०० मिमी व्यासाच्या जाळीवर २०० ग्रॅमची कमाल मर्यादा एएसटीएमने घातली आहे. फोटोत एकाच बारीक चाळणीसमोर २६० ग्रॅम दिसले तर नमुना दोन हप्त्यांत चाळायला सांगावा.

साइटवरच्या पोरांना एवढंच सांगणं आहे: फोटो वरून सरळ काढा, दिवसाच्या उजेडात, पानाच्या चारही कडा दिसतील असा. कोरी जागा सोडू नका, काही राहिलं नसेल तिथे शून्य लिहा. रकान्यावर 'त्या चाळणीवरचं' की 'एकूण' ते लिहा. आणि तळाशी तीन गोष्टी हव्यातच: मूळ सुकं वजन, नमुना धुतला असेल तर धुतल्यानंतरचं वजन, आणि पॅनसकट सगळ्यांची बेरीज. बेरीज जुळवून आणू नका, जी येईल ती लिहा.